डासअळी सर्वेक्षणाचा प्रयोग-अहवाल: हाऊस, कंटेनर आणि ब्रेटो इंडेक्सच्या कामाच्या नोंदी

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही सोलापूर शहरातील एका जुन्या पेठेत डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांच्या अळ्यांचे सर्वेक्षण केले. वर्गाचा एकत्रित अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. अहवालाची मांडणी कोणत्याही प्रात्यक्षिक-वहीत सापडते, म्हणून तिची पुनरुक्ती येथे केलेली नाही. आकडे कोठे अडले, ते कसे सोडवले आणि त्यामुळे उत्तर किती बदलले, एवढेच या नोंदींमध्ये आहे.

21 सप्टेंबर 2024

आज फॉर्म तयार केला. तिन्ही निर्देशांकांची सूत्रे एका ओळीत मावतात. दूषित, म्हणजे एडिसच्या अळ्या सापडलेली, घरे भागिले तपासलेली घरे गुणिले शंभर म्हणजे हाऊस इंडेक्स. दूषित भांडी भागिले तपासलेली भांडी गुणिले शंभर म्हणजे कंटेनर इंडेक्स. आणि दूषित भांडी भागिले तपासलेली घरे गुणिले शंभर म्हणजे ब्रेटो इंडेक्स. पहिले दोन 1923 पासून, म्हणजे पीतज्वराच्या काळापासून चालत आलेले आहेत आणि तिसरा 1954 चा आहे. ज्याला आकडेमोड म्हणावे असे यात काहीच नाही. जो काही वाद आहे तो ‘घर’, ‘भांडे’, ‘तपासलेले’ आणि ‘दूषित’ या चार शब्दांबद्दल आहे, आणि तो वस्तीत जाण्याआधीच मिटवून घ्यावा लागतो.

घराची व्याख्या ठरवायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. पेठेत वाडे आहेत आणि एका वाड्यात चार-पाच कुटुंबे राहतात. दरवाजा एक म्हणून संपूर्ण वाडा एक घर धरला, तर छेद लहान होतो आणि ब्रेटो इंडेक्स फुगतो. प्रत्येक खोली वेगळी धरली, तर उलट घडते. शेवटी ज्या कुटुंबाचा स्वयंपाक वेगळा ते एक घर, असे ठरले. वाड्यातला सामाईक हौद ज्या बिऱ्हाडाच्या दाराला सर्वांत जवळ, त्याच्याच नावावर एकदा नोंदवायचा आणि शेऱ्यात ‘सामाईक’ असे लिहायचे. याहून चांगली पद्धत असू शकेल. पण तिन्ही गटांनी एकच पद्धत वापरणे आणि ती अहवालाच्या ‘पद्धती’ या भागात लिहून ठेवणे महत्त्वाचे होते.

सामान किरकोळ आहे: विजेरी, पांढरा इनॅमलचा ट्रे, मोठ्या तोंडाचे ड्रॉपर, बारीक जाळीची गाळणी, झाकणाच्या कुप्या आणि पेन्सिल. कुपीत टाकण्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलनेच लिहावे, कारण जेल पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि चिठ्ठी कोरी होते. आधीच्या तुकडीच्या कपाटात अशा कोऱ्या चिठ्ठ्यांच्या कुप्या अजून आहेत.

24 सप्टेंबर

पहिल्या दिवसाचे काम झाले. पेठेत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी साठवण असते: अंगणात सिमेंटचा हौद, मोरीत प्लास्टिकचे निळे पिंप, स्वयंपाकघरात रांजण किंवा माठ आणि सगळीकडे बादल्या-घागरी. हा पाणीपुरवठ्याचा दिवस सर्वेक्षणासाठी फार महत्त्वाचा आहे. पाणी येण्याच्या आदल्या दिवशी गेल्यास बादल्या रिकाम्या असतात आणि मोठी भांडी तळाला गेलेली असतात. पाणी आल्यावर लगेच गेल्यास घरातले प्रत्येक भांडे भरलेले असते आणि पाणी ताजे असल्याने त्यांतील बहुतेक निर्दोष असतात. तीच वस्ती, त्याच अळ्या. पण ओल्या भांड्यांची संख्या दुप्पट झाली तर कंटेनर इंडेक्स निम्म्यावर येतो. आम्ही पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो आणि अहवालात तसे लिहिले. ही ओळ आम्ही पाहिलेल्या जुन्या अहवालांत कोठेही नव्हती.

एका घरातील आजींनी दारातच सांगितले, “पिंप दर पाण्याला भरतो की आम्ही, त्यात कुठनं अळ्या येतील?” पिंप खरोखर काठोकाठ भरलेला होता. विजेरी पाण्यावर तिरकी धरली तेव्हा वरच्या थरातल्या अळ्या वळवळत खाली गेल्या. एडिसच्या अळ्या प्रकाश पडताच अशा पळतात, म्हणून झाकण उघडल्यानंतर पहिल्या काही सेकंदांतच पाहावे लागते आणि नंतर मिनिटभर हालचाल न करता थांबावे लागते, म्हणजे त्या श्वासासाठी पुन्हा वर येतात. हा पिंप भरला जात होता, पण रिकामा कधीच केला जात नव्हता. उरलेल्या पाण्यावरच नवे पाणी ओतले जात होते. मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. पाणी चढले की ती भिजतात आणि फुटतात. म्हणजे भरण्याच्या प्रत्येक फेरीत अंडी उबवण्याचीच सोय होत होती. ‘आठवड्यातून एकदा कोरडा दिवस’ हे आवाहन पिंप पालथा करून आतून घासण्यासाठी असते, ते याचमुळे. आजींना ट्रेमधल्या अळ्या दाखवल्यावर त्यांनी स्वतःच नातवाला हाक मारून पिंप आडवा करायला लावला.

25 सप्टेंबर

दुसरा दिवस. एकूण 114 घरांच्या दारात गेलो. 14 घरांना कुलूप होते आणि 4 घरांनी आत येऊ दिले नाही. तपासलेली घरे 96. संध्याकाळी गटांमध्ये चर्चा झाली की कुलूपबंद घरे छेदात धरावीत काय. धरली तर हाऊस इंडेक्स जवळपास तीन टक्के बिंदूंनी कमी होतो, म्हणून काहींना ते ‘सुरक्षित’ वाटत होते. परंतु न पाहिलेल्या घराला निर्दोष ठरवण्याचा आम्हाला अधिकार नाही. उलट, कुलूपबंद घरातले पाणी दिवसेंदिवस कोणी हलवत नाही, त्यामुळे तेथे अळ्या असण्याची शक्यता जास्तच असते. छेदात फक्त 96 धरली आणि कुलूपबंद व नकार दिलेल्या घरांचा आकडा स्वतंत्र ओळीत दिला. प्रत्येक सहा घरांमागे जवळपास एक घर पाहता आले नाही, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

28 सप्टेंबर

प्रयोगशाळेतील ओळख आज पूर्ण झाली. शेतातून किंवा वस्तीतून आणलेला ‘अळ्या आढळल्या’ हा शेरा निर्देशांकासाठी पुरेसा नाही, कारण हे निर्देशांक एडिससाठी काढले जातात आणि भांड्यातील अळी क्युलेक्सचीही असू शकते. आमच्याकडे अळ्या असलेली भांडी 31 होती, 22 घरांतील.

तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेतील अळ्याच ओळखण्याजोग्या असतात. त्या गरम पाण्यात टाकून मारल्या, म्हणजे शरीर आखडत नाही, आणि नंतर 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवल्या. लहान अळ्या ज्या पाण्यात सापडल्या त्याच पाण्यात वाढवल्या. पहिला फरक उघड्या डोळ्यांनीही दिसतो: ॲनॉफिलीसच्या अळीला श्वसननलिका नसते आणि ती पृष्ठभागाला समांतर पडून राहते, तर एडिस आणि क्युलेक्स डोके खाली करून लोंबकळतात. एडिसची श्वसननलिका आखूड आणि जाड असून तिच्यावर केसांच्या गुच्छांची एकच जोडी असते. क्युलेक्सची लांब, सडपातळ आणि अनेक गुच्छांची असते.

खरा वेळ गेला तो एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस यांच्यात. त्यासाठी आठव्या उदरखंडाच्या बाजूची खवल्यांची एकेरी रांग पाहावी लागते. प्रयोगशाळेत तिला कोम्बच म्हणतात. इजिप्तीच्या प्रत्येक खवल्याला मधल्या मोठ्या काट्याच्या दोन्ही बाजूंना ठळक दाते असतात आणि तो त्रिशूळासारखा दिसतो. अल्बोपिक्टसचा खवला साधा, एकाच काट्याचा असतो. अळी पाठीवर पडलेली असेल तर दोन्ही रांगा कडेने दिसतात, खवले एकमेकांवर चढतात आणि दाते लपतात. शेपटीकडचा भाग सुईने वेगळा करून ग्लिसरिनच्या थेंबात एका कुशीवर ठेवला आणि काच हलकेच दाबली, तेव्हा दाते स्वच्छ दिसले. ज्या कुप्यांबद्दल शंका होती त्यांतील काही अळ्या वाढवून डास होऊ दिले. इजिप्तीच्या छातीवर वीणेच्या आकाराची पांढरी नक्षी असते, अल्बोपिक्टसच्या छातीवर मधोमध एकच पांढरी रेघ असते.

निष्कर्ष असा निघाला: 26 भांड्यांत एडिस, सर्व इजिप्ती, 4 भांड्यांत फक्त क्युलेक्स, आणि एका भांड्यातील अळ्या पहिल्या अवस्थेतच मेल्यामुळे ओळखता आल्या नाहीत. एडिस आणि क्युलेक्स एकत्र असलेली भांडी एडिससाठी दूषित धरली. एडिस असलेली घरे 18. ओळख न पटलेले भांडे अंशात घेतले नाही, पण ते एडिसचे असते तर ब्रेटो इंडेक्स सुमारे एकने वाढला असता, हे तळटिपेत लिहिले.

1 ऑक्टोबर

आज सर्व फॉर्म एकत्र केले आणि भांड्यांची बेरीज 431 आली. ही संख्या संशयास्पद आहे की नाही, हे नुसत्या बेरजेवरून कळत नाही. ते प्रत्येक गटाची दर घरामागची भांडी काढल्यावर कळले. पहिल्या गटाची 34 घरांत 124, दुसऱ्याची 31 घरांत 117 आणि तिसऱ्याची 31 घरांत 190. पहिल्या दोन गटांची सरासरी पावणेचारच्या आसपास आणि तिसऱ्याची सहाच्या वर. एकाच पेठेत शेजारच्या गल्लीत लोक इतकी जास्त भांडी ठेवतील, हे पटण्यासारखे नव्हते.

तिसऱ्या गटाचे फॉर्म एकेक करून वाचल्यावर उलगडा झाला. त्यांनी अंगणातील पालथ्या बादल्या, रिकामे माठ, कोरड्या कुंड्या यांचीही नोंद केली होती. फॉर्मवर ‘भांड्यांची संख्या’ असा एकच रकाना होता आणि ‘पाणी असलेली’ हा शब्द त्यात नव्हता, म्हणून दोष फॉर्मचा. सुदैवाने या गटाने शेऱ्यात ‘कोरडे’ असे लिहिले होते. अशी 74 भांडी निघाली. ती वगळल्यावर त्यांची संख्या 116 आणि सरासरी 3.7 झाली, म्हणजे बाकीच्यांशी जुळली. ओली भांडी एकूण 357.

यातील सर्वांत बोधप्रद भाग असा की ही चूक अंतिम उत्तरावरून ओळखूच आली नसती. ओळख न करता सर्व अळ्या मोजल्या आणि कोरडी भांडीही धरली, तर कंटेनर इंडेक्स 31 भागिले 431, म्हणजे 7.2 येतो. दोन्ही दुरुस्त केल्यावर 26 भागिले 357, म्हणजे 7.3. अंश आणि छेद दोन्ही फुगलेले असल्याने चुका एकमेकींना खाऊन टाकतात. फक्त ओळख दुरुस्त करून कोरडी भांडी तशीच ठेवली असती तर 6.0 आले असते. फक्त कोरडी भांडी काढून क्युलेक्स तसेच ठेवले असते तर 8.7. पुढच्या तुकडीने फॉर्मवर ‘ओली’ आणि ‘कोरडी’ असे दोन रकाने करावेत. कोरड्या भांड्यांची नोंद निरुपयोगी नाही. त्यांच्या भिंतींवरची अंडी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी पडले की फुटतात. पण ती या निर्देशांकांच्या छेदात बसत नाहीत.

3 ऑक्टोबर

गणना संगणकाच्या पत्रकात केली. एका ओळीत एक भांडे, पहिल्या स्तंभात घर क्रमांक, तिसऱ्यात ओले किंवा कोरडे, चौथ्यात एडिस असल्यास 1 आणि नसल्यास 0.

```
=COUNTIFS(C2:C500,"ओले")
=COUNTIFS(C2:C500,"ओले",D2:D500,1)
=COUNTA(UNIQUE(FILTER(A2:A500,D2:D500=1)))
```

पहिले सूत्र ओली भांडी देते, दुसरे दूषित भांडी आणि तिसरे दूषित घरे. एका घरात चार दूषित भांडी असली तरी ते घर एकदाच मोजले जाते. हेच तिसरे सूत्र, एडिसच्या अटीऐवजी `A2:A500<>""` घालून, तपासलेल्या घरांसाठीही वापरण्याचा मोह होतो. तसे केल्यास उत्तर 93 येते, 96 नाही, कारण तीन घरांत पाहण्याच्या वेळी एकही भांडे नव्हते आणि त्यामुळे त्या घरांची पत्रकात एकही ओळ नाही. त्यांतील दोन घरे म्हणजे रात्रीपुरती वापरली जाणारी खोली होती. निर्दोष घर हेसुद्धा तपासलेलेच घर असते. म्हणून घरांची यादी वेगळ्या पानावर ठेवली आणि छेद तेथूनच घेतला.

अंतिम आकडे: हाऊस इंडेक्स 18 भागिले 96, म्हणजे 18.8 टक्के. कंटेनर इंडेक्स 26 भागिले 357, म्हणजे 7.3 टक्के. ब्रेटो इंडेक्स 26 भागिले 96 गुणिले शंभर, म्हणजे 27.1. ब्रेटोपुढे टक्क्याचे चिन्ह लिहू नये; तो शंभर घरांमागील दूषित भांड्यांचा आकडा आहे आणि घरोघरी दोन-दोन भांडी दूषित असतील तर तो शंभराच्या पुढेही जाऊ शकतो.

बेरीज तपासण्यासाठी एक सोपी पडताळणी उपयोगी पडते. कंटेनर इंडेक्सला दर घरामागील ओल्या भांड्यांच्या सरासरीने गुणले की ब्रेटो इंडेक्स यायला हवा. आमची सरासरी 357 भागिले 96, म्हणजे 3.72, आणि 7.283 गुणिले 3.72 बरोबर 27.1. जुळले नाही तर कोठेतरी दोन वेगवेगळे छेद वापरले गेले आहेत, असे समजावे.

5 ऑक्टोबर

आजचा दिवस भांड्यांच्या प्रकारानुसार तक्ता करण्यात गेला आणि माझ्या मते अहवालातील वाचण्यासारखा भाग हाच आहे.

| भांड्याचा प्रकार | ओली | दूषित | कोष |
|---|---|---|---|
| सिमेंटचे हौद | 58 | 9 | 112 |
| पिंप | 121 | 10 | 38 |
| रांजण, माठ | 64 | 2 | 4 |
| बादल्या, घागरी | 74 | 0 | 0 |
| कूलर | 11 | 1 | 0 |
| फ्रीजमागील ट्रे | 14 | 1 | 0 |
| टायर, करवंट्या, भंगार | 15 | 3 | 9 |

बादल्या-घागरींच्या 74 पैकी एकही दूषित नाही, कारण त्या दररोज रिकाम्या होतात. पण त्या 74 कंटेनर इंडेक्सच्या छेदात बसून तो खाली ओढतात. त्या वगळल्या तर तोच निर्देशांक 9.2 होतो. म्हणून दोन वस्त्यांच्या कंटेनर इंडेक्सची तुलना करताना घरात रोजच्या वापराची भांडी किती, हेही पाहावे लागते. ज्या घरात बादल्या जास्त तेथे निर्देशांक आपोआप कमी दिसतो. डास मात्र तेवढेच असतात.

कोषांचा रकाना मूळ फॉर्ममध्ये नव्हता. ‘अळी सर्वेक्षणात कोष कशाला?’ असे एका सहाध्यायाने विचारले, पण मॅडमनी तो घालायला लावला आणि ते योग्यच झाले. अळ्यांपैकी पुष्कळशा मोठ्या होण्याआधीच मरतात. कोष मात्र सुमारे दोन दिवसांत डास होऊन उडतो, म्हणून भांड्यातून प्रत्यक्षात किती डास बाहेर पडणार, याचा अंदाज कोषांवरून अधिक जवळचा येतो. एकूण 163 कोषांपैकी 112 हौदांत होते, म्हणजे दोनतृतीयांशाहून थोडे जास्त. त्यांतही तीनच हौदांत मिळून 91 कोष होते. संपूर्ण पेठेतील निम्म्याहून अधिक. ब्रेटो इंडेक्स मात्र असा हौद आणि दोन अळ्यांचा फ्रीजचा ट्रे यांना सारखेच एक गुण देतो.

हौदातील कोषांचा आकडा पूर्ण नाही, हे लक्षात ठेवावे. पिंपातील सर्व पाणी गाळता येते, हौदातील येत नाही. तेथे जाळी कडेने फिरवून सापडले तेवढेच मोजले. म्हणजे हौदांचा वाटा याहून जास्तच असणार. हे तिन्ही मोठे हौद सामाईक होते. सर्वांचे म्हणून ते कोणीच रिकामे करत नव्हते.

8 ऑक्टोबर

चर्चेचा भाग लिहिला. भारतातील कामात सामान्यतः हाऊस इंडेक्स 10 च्या वर किंवा ब्रेटो इंडेक्स 20 च्या वर गेला की वस्ती डेंग्यूच्या दृष्टीने जोखमीची धरतात. आमचे दोन्ही आकडे त्या मर्यादेच्या वर आहेत, म्हणून पहिल्या मसुद्यात ‘या पेठेत डेंग्यूचा उद्रेक होण्याचा धोका सिद्ध होतो’ असे वाक्य होते. ते मॅडमनी लाल पेनने खोडले आणि समासात लिहिले, “तुम्ही डास मोजले, रुग्ण नव्हे.”

त्यांचे म्हणणे रास्त होते. असल्या मर्यादांचा उगम पीतज्वराच्या अनुभवात आहे. डेंग्यूसाठी एवढ्या खाली उतरले की प्रसार थांबेल, अशी ठाम रेषा नाही. सिंगापूरने 1970 च्या दशकात घराघरांतून डासांची उत्पत्तिस्थाने इतकी कमी केली की हाऊस इंडेक्स दोनच्या आसपास आला. तरीही 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेथे डेंग्यू पुन्हा वाढला. लोकसंख्येतील प्रतिकारशक्ती, कोणता विषाणू फिरतो आहे, लोक दिवसा कोठे असतात, यांतील काहीही अळ्यांच्या मोजणीत येत नाही. म्हणून वाक्य बदलले: ‘पाहणीच्या वेळी एडिस इजिप्तीची उत्पत्ती प्रचलित मर्यादेपेक्षा जास्त होती.’ यापुढे आमचा पुरावा जात नाही.

आकड्याची अनिश्चितताही दिली. 96 घरांपैकी 18 दूषित, यावरून 95 टक्के विश्वास-मर्यादा काढली तर हाऊस इंडेक्स सुमारे 12 ते 28 टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. इतक्या रुंद पट्ट्यात पुढच्या महिन्यात 15 टक्के आले म्हणून फवारणी यशस्वी झाली, असे म्हणता येणार नाही. ब्रेटो इंडेक्ससाठी अशी मर्यादा सरळ सूत्राने काढली नाही, कारण दूषित भांडी घरांत सारखी विखुरलेली नसतात: 12 घरांत एकेक, 5 घरांत दोन-दोन आणि एकट्या एका घरात चार. ते चार भांड्यांचे घर वगळून पाहिले तेव्हा ब्रेटो 27.1 वरून 23.2 वर आला, तर हाऊस इंडेक्स 18.8 वरून 17.9 वर. एका भंगाराचा साठा असलेल्या घराने ब्रेटो जवळपास चारने हलतो आणि हाऊस इंडेक्स एकनेही नाही. ही तुलना चर्चेत घेतली. ब्रेटो भांडी पाहतो म्हणून तिघांत तो जास्त माहिती देतो असे म्हणतात, आणि ते खरे आहे. त्याच कारणाने तो एका घराने डगमगतो, हेही खरे आहे.

10 ऑक्टोबर

मुदतीच्या आधी शेवटच्या दुरुस्त्या केल्या. निष्कर्षाच्या तक्त्यात प्रत्येक निर्देशांकासमोर नुसते उत्तर न लिहिता अंश आणि छेद लिहिले, उदाहरणार्थ ‘18/96’. वाचणाऱ्याला पुन्हा गणित करता आले पाहिजे. ‘पद्धती’ भागात पाहणीच्या तारखा, पाणी आल्यापासूनचे अंतर, घराची व्याख्या, सामाईक हौदाची नोंद आणि अळ्या कोणत्या अवस्थेपर्यंत वाढवून ओळखल्या, एवढे लिहिले. उपकरणांचे चित्र काढून टाकले. ट्रे कसा दिसतो हे सर्वांना माहीत असते आणि ती जागा भांड्यांच्या तक्त्याला लागली.

खर्च अल्कोहोल, कुप्या, विजेरीच्या बॅटऱ्या आणि झेरॉक्स एवढाच झाला व तो वर्गात वाटून घेतला. वेळ सर्वाधिक गेला तो फॉर्म पुन्हा वाचण्यात; पाहणीपेक्षाही जास्त.

सूचनांच्या भागात आधी ‘जनजागृती करावी’ असे लिहिले होते. त्याऐवजी तक्त्यातून जे निघते तेच ठेवले: तीन सामाईक हौदांना घट्ट झाकण किंवा गप्पी मासे, आणि पिंपांसाठी पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ते आपोआप तळाला गेलेले असताना, पालथे करून आतून घासण्याचा दिवस ठरवणे. पेठेतील आरोग्य सेवकांना तक्त्याची एक प्रत दिली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो निर्देशांकांबद्दल नव्हता. ते तीन हौद नेमके कोणत्या वाड्यांतले, एवढेच त्यांना हवे होते.